एकशे चौदा नंबराभोवतीच्या खुणा

आबासाहेबांचा आवाजी निरोप दूध संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा ज्ञानेश्वरीचा चहा अजून संपायचा होता. तो तिने मोरीत ओतून दिला. हल्ली त्या माणसाचा आवाज कानावर पडला की तोंडातली चवच जायची.

"ज्ञानेश्वरी मॅडम," आबासाहेब म्हणत होते, "उंबरदऱ्याच्या केंद्राचं म्हैनाभराचं समदं रेकॉर्ड इथं ग्रुपवर टाका. समद्या संचालकांना बघू द्या. आन् त्यांचा टेम्पो गेटावरच थांबवा. रेकॉर्ड बघितल्याबिगर त्यांचं दूध टाकीत घ्यायचं न्हाई."

संगमनेरपासून थोडं बाहेर, पुणे रस्त्याच्या अंगाला असलेल्या त्या दूध संघात संगणक विभाग म्हणजे एकटी ज्ञानेश्वरी. कुठल्या गावच्या केंद्राचं दूध किती आलं, फॅट किती लागली, याची नोंद सर्व्हरवर पडायची आणि तो सर्व्हर ती सांभाळायची. प्रत्येक केंद्राला एक नंबर होता. पठारावरच्या उंबरदऱ्याचा नंबर सी एकशे चौदा. आबासाहेब संघाचे उपाध्यक्ष, आणि त्यांच्या स्वतःच्या गावातही त्यांच्याच ताब्यातलं केंद्र होतं, सी एकशे दोन.

उंबरदऱ्यावर त्यांचा डोळा का होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या गावच्या बाया आधी आबासाहेबांच्या केंद्रावर दूध घालायच्या. तिथे मापात मारतात, वर बोलतात कसंही, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी लंकाबाईला पुढे करून आपलं वेगळं केंद्र काढलं. आबासाहेबांच्या केंद्राचं दूध निम्म्यावर आलं. ते उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून मग गेला महिनाभर 'दर्जाचा प्रश्न' सुरू होता. दर्जा! ज्या केंद्राच्या कॅनमध्ये एकदा बेडकाचं पिल्लू सापडलं होतं, त्या केंद्राच्या मालकाने दर्जाबद्दल बोलावं, याची तिला शिसारी यायची.

पण रेकॉर्डची भीती नव्हती. उंबरदऱ्याचं रेकॉर्ड तिने रोज पाहिलेलं होतं. स्वच्छ होतं. उलट बरंच झालं, एकदाचं सगळ्यांसमोर येऊ दे, असं म्हणत ती कीबोर्डवर बसली.

एरवी असं काही मागितलं की ती संगणकावरच्या काळ्या खिडकीत, म्हणजे सर्व्हरला टाइप करून आज्ञा द्यायच्या पडद्यावर, शोधायचा हुकूम द्यायची, आलेल्या चार-पाच ओळी माउसने निवडायची आणि ग्रुपवर चिकटवायची. आज महिनाभराचं होतं, ओळी पडद्यावर मावणार नव्हत्या. म्हणून तिने हुकुमाचं सगळं उत्तर एका फाईलमध्ये वळतं केलं. फाईल काळ्या खिडकीत उघडून वरून खाली पाहिली. ओळी नीट होत्या, प्रत्येक ओळीत केंद्राचा नंबर तांबड्या रंगात उठून दिसत होता, फॅट कुठेही साडेतीनच्या खाली नव्हती. समाधानाने तिने हुकुमानेच ती अख्खी फाईल कॉपी केली आणि ग्रुपवर चिकटवून पाठवून दिली. पाठवल्यावर ती डॉककडे, म्हणजे जिथे दूध उतरवतात तिकडे, बघायला गेली.

गेटावर उंबरदऱ्याचा टेम्पो उभा होता. एप्रिलचं ऊन सकाळीच चटका द्यायला लागलं होतं. लंकाबाई टेम्पोच्या सावलीला उकिडवी बसली होती, आणि तिने कॅनांवर ओली पोती टाकली होती.

"काय गं बाय, आज काय नवीन?" लंकाबाईने विचारलं.

"काही नाही मावशी, रेकॉर्ड मागितलं होतं. दिलंय मी. दहा मिनिटांत घेतील."

"लवकर घ्या म्हनावं. पहाटंचं दूध हाय. गार टाकीत गेलं तर ऱ्हाईल, न्हाई तर ऊन काय कुनाची वाट बघत न्हाई."

ज्ञानेश्वरी परत फिरली तोवर तिच्या फोनने दम घेतला नव्हता. ग्रुपवर निरोपावर निरोप पडत होते. तिने उघडून पाहिलं. तिने पाठवलेली प्रत्येक ओळ अशी दिसत होती:

[01;31m[KC114[m[K 12/03 सकाळ 3.9

तशाच खाली, तशाच खाली, महिनाभर. तारीख ठीक, फॅट ठीक, बाकी सगळं ठीक. फक्त केंद्राच्या नंबराला दोन्ही बाजूंनी हा कचरा चिकटलेला. काही जणांच्या फोनवर कंसाच्या आधी एक छोटा रिकामा चौकोनही दिसत होता, त्याचेही फोटो काढून त्यांनी ग्रुपवर टाकले होते.

आबासाहेबांचा निरोप सगळ्यात लांब होता. "मंडळी, नीट बघा. तारखंला काय न्हाई. फॅटला काय न्हाई. खुना फकस्त एकशे चौदा नंबराला. दुसरीकडं कुठंच न्हाई. म्हंजी ह्या केंद्राच्या रेकॉर्डात कुनीतरी हात घातलाय. खाडाखोड करताना हे मागं ऱ्हायलं. मी म्हैनाभर बोंबलतोय, आता पुराव्यानिशी सापडलं. चौकशी हुईस्तोवर उंबरदऱ्याचं दूध बंद."

त्याखाली अंगठे. एकाखाली एक, पिवळे अंगठे. ज्यांनी आयुष्यात कधी सर्व्हरचा दरवाजा उघडला नव्हता त्यांचे अंगठे. एकाने तर लिहिलं होतं, 'हॅकिंग आहे, माझ्या भाच्याला कळतं यातलं.' ज्ञानेश्वरीला वाटलं, या माणसांना जेवताना घास कोणत्या भोकात घालायचा हे तरी कळतं का, की तेही भाचाच सांगतो?

तिला स्वतःला मात्र काय झालंय ते लगेच कळलं होतं. तो कचरा नव्हता. तो रंग होता.

काळ्या खिडकीला कुठलाही शब्द तांबडा करायचा असेल तर हुकूम शब्दाच्या आधी काही अक्षरं सोडतो. त्यातलं पहिलं अक्षर डोळ्यांना दिसतच नाही. ते खिडकीला नुसतं सांगतं, की पुढे येतंय ते छापू नकोस, ती तुझ्यासाठी सूचना आहे. मग कंस, आकडे आणि एक अक्षर: इथून पुढे ठळक तांबडं. शब्द संपला की दुसरी सूचना: आता नेहमीचा रंग. काळी खिडकी ही अक्षरं गिळते आणि रंग दाखवते. ग्रुपच्या खिडकीला ही भाषा येत नाही. ती न दिसणारं अक्षर टाकून देते, नाहीतर त्याचा चौकोन करते, आणि उरलेले कंस न् आकडे जसेच्या तसे मांडून ठेवते.

आणि शोधायचा हुकूम रंग कशाला देतो? जो शब्द शोधायला सांगितला त्याला. तिने एकशे चौदा शोधायला सांगितला होता, म्हणून खुणा एकशे चौदाला. यात खाडाखोड कुठली आली?

रोज माउसने निवडून चिकटवताना असं होत नसे, कारण तोवर खिडकीने सूचना गिळून टाकलेल्या असायच्या आणि हाताला नुसती अक्षरं लागायची. आज तिने फाईलमधून थेट उचललं होतं, आणि फाईलमध्ये सूचना तशाच पडून होत्या. फाईल काळ्या खिडकीत पाहिली तेव्हा खिडकीने पुन्हा रंग दाखवला, म्हणून तिला संशयही आला नाही.

खरं तर फाईलमध्येही त्या जायला नको होत्या. हा हुकूम शहाणा असतो. आपण पडद्यावर लिहितोय की फाईलमध्ये, हे तो आधी बघतो आणि फाईल असेल तर रंग गाळतो. पण इथे त्याचं शहाणपण कुणीतरी काढून घेतलं होतं. तिच्या आधी या खुर्चीवर करण नावाचा मुलगा होता. संचालकांच्या बैठकीत भिंतीवर रेकॉर्ड दाखवताना, एका हुकुमातलं उत्तर दुसऱ्यात घातलं की तांबडा रंग उडायचा. आबासाहेबांना तांबडं हवं होतं. लांबून दिसतं म्हणून. करणने मग हुकुमालाच कायमची ताकीद देऊन ठेवली, की काहीही असो, कुठेही लिही, रंग सोडायचाच. आबासाहेबांची हौस! ती अजून सर्व्हरवर बसून होती, आणि आज ग्रुपवर ओकली होती.

हे सगळं तिने शक्य तितक्या सोप्या भाषेत ग्रुपवर लिहिलं. वाचणाऱ्यांच्या निळ्या खुणा पडत गेल्या. उत्तर एकच आलं, आबासाहेबांचं. "मॅडम, आमाला कॉम्प्युटर शिकवू नका."

ती व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेली. सुनीलराव भला माणूस, असं सगळे म्हणायचे. भला म्हणजे कुणालाच नाही न म्हणणारा. समोरच्या खुर्चीत आबासाहेब पाय पसरून बसले होते आणि काडीने दात कोरत होते. कोरून निघालेलं काडीच्या टोकावर निरखून बघत होते, मग ते टेबलाच्या कडेला पुसत होते. ज्ञानेश्वरीने नजर वळवली.

"सर, तो रंगाचा कोड आहे. मी आत्ता दाखवते. पण आधी टेम्पो आत घ्या, दूध तापतंय."

"चौकशी चालू आहे ना," सुनीलराव म्हणाले. "संशयातलं दूध बाकीच्या दुधात कसं मिसळायचं? तुम्हीच सांगा."

"मग निदान त्याची तपासणी तरी करा. सविता लॅबमध्ये बसून आहे. कॅनमधलं दूध तिला द्या, काय असेल ते कळेल."

"दुधाची तपासनी नंतर," आबासाहेब म्हणाले. "आधी रेकॉर्डाची."

"चला मग माझ्याकडे," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

दोघे तिच्या खोलीत आले. तिने फाईल काळ्या खिडकीत उघडली. महिनाभराच्या ओळी सरसर खाली आल्या. एकही कंस नाही, कचरा नाही. फक्त तांबडा एकशे चौदा.

"बघा. इथे रंग दिसतोय. तीच फाईल आहे. तिथे रंग दिसत नाही, रंगाची अक्षरं दिसतात."

आबासाहेब खाली वाकले. त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा भपकारा तिच्या गालावर आला. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग सुनीलरावांकडे वळून हसले.

"बघितलं का सुनीलराव? ग्रुपावर घान हुती. हितं स्वच्छ. म्हंजी आमी येईस्तोवर मॅडमनी पुसून काढलं."

ज्ञानेश्वरीने कीबोर्ड पुढे ओढला. तिला राग आला नव्हता. राग माणसाचा येतो. आपण एखाद्या ओल्या, बुळबुळीत वस्तूवर अनवाणी पाय दिलाय, असं तिला झालं.

"मी पुसलं नाही. थांबा." तिने तीच फाईल दुसऱ्या तऱ्हेने उघडली, ज्यात न दिसणारी अक्षरंही खुणेने दिसतात. पडद्यावर पुन्हा ते सगळे कंस आणि आकडे उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या पुढे त्या अदृश्य अक्षराच्या जागी टोपीसारखं एक चिन्ह आणि आणखी एक कंस. "हे बघा. आहे त्यातच. खिडकी ते गिळते, म्हणून एरवी दिसत नाही."

"आता परत आनलं," आबासाहेब म्हणाले. "पुसता बी येतं, आनता बी येतं. मंग फॅटचे आकडे बदलायला कितीसा येळ लागतोय तुमाला? तुमचं माहेर बी पठाराकडचंच न्हवं का?"

सुनीलराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

तिने करणला फोन लावला. तो आता पुण्यात मोठ्या कंपनीत होता, पण संघाच्या ग्रुपमध्ये अजून होता, आणि आबासाहेब त्याला मानायचे. बाहेर व्हरांड्यात जाऊन तिने त्याला सगळं सांगितलं. करण मनापासून हसला.

"अगं, ते माझंच काम. रंग 'ऑलवेज' करून ठेवला होता मी. मेसेज बघितल्या बघितल्या कळलं मला."

"कळलं होतं? मग दोन ओळी लिहायला काय झालं होतं तुला?"

"हे बघ, आबांची न् माझी बोलणी चालू आहेत. संघाचं नवीन सॉफ्टवेअर आम्हालाच द्यायचं म्हणतायत. आता भर ग्रुपवर मी त्यांना खोटं कसं पाडू? तू सांग ना समजावून. तू हुशार आहेस."

"गेटावर बायांचं दूध नासायला लागलंय करण."

"दूध काय रोजच येतं गं," तो म्हणाला.

तिने फोन बंद केला आणि ओढणीला पुसला. फोनला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसला.

व्हरांड्यातून टेम्पो दिसत होता. सावली सरकून गेली होती. लंकाबाई हापशावरून बादली भरून आणत होती आणि पोत्यांवर ओतत होती, पुन्हा जात होती, पुन्हा आणत होती. बाकीच्या गावांचे टेम्पो तिच्या शेजारून आत जात होते, रिकामे होऊन बाहेर पडत होते. आबासाहेबांच्या एकशे दोनचा टेम्पोही गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

ज्ञानेश्वरी तो टेम्पो जाताना बघत राहिली, आणि मग तिला स्वतःचीच चीड आली. सकाळपासून ती समजावत बसली होती. ज्यांना समजून घ्यायचंच नाही त्यांना रंग काय, अक्षर काय, फाईल काय! इथे समजावून काही होणार नव्हतं. यांच्या अंगावर आलं तरच यांना कळणार होतं.

ती खोलीत आली. आबासाहेब तिच्याच खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी 'सापडली एकदाची' म्हणून सांगत होते. ती उभ्यानेच कीबोर्डवर वाकली. तोच हुकूम, तीच फाईल काढायची रीत, तसंच थेट कॉपी करणं. फक्त शोधायचा नंबर तिने बदलला. एकशे चौदाच्या जागी एकशे दोन. आणि काही न लिहिता ग्रुपवर टाकून दिलं.

[01;31m[KC102[m[K 12/03 सकाळ 3.5

खाली, खाली, महिनाभर.

ग्रुपवर भराभर निळ्या खुणा पडल्या. मग कुणीतरी लिहिलं, 'आबांच्या केंद्राला पण?' दुसऱ्याने लिहिलं, 'तशाच खुणा आहेत. फक्त नंबरालाच आहेत.' ज्याचा भाचा जाणकार होता त्याने लिहिलं, 'चौकशी तर मग दोन्ही केंद्रांची झाली पाहिजे, नियम सगळ्यांना सारखा.' तिथे अंगठे पडायला लागले.

आबासाहेबांचा फोन हातातच वाजला. त्यांनी निरोप वाचले. मान वर करून ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. त्या नजरेत शरम असेल असं तिला वाटलं होतं. शरम नव्हतीच. नुसता हिशेब चालला होता. पापणी लवते न लवते तोच त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वच्छ सांगितलं:

"मंडळी, गैरसमज करून घिऊ नका. ही खाडाखोड न्हाई. कॉम्प्युटरमधी जो नंबर हुडकला त्याला रंग देतेत. त्या रंगाची अक्षरं हितं ग्रुपात उमटत्यात. रेकॉर्डाला त्याचा काय बी संबंध न्हाई. समदी केंद्रं चोख हायेत."

शब्द न् शब्द. तिने सकाळी लिहिलेलं, त्यांनी वाचलेलं, कळलेलं. सकाळीच कळलेलं! ज्ञानेश्वरीला इतका वेळ वाटत होतं की हा माणूस अडाणी आहे. अडाणी असता तर परवडलं असतं. 

"आता तरी टेम्पो आत घ्या," ती म्हणाली.

"घ्या की," आबासाहेब उठत म्हणाले. "आमी कुठं न्हाई म्हनतोय?"

ती पळतच गेटावर गेली. टेम्पो डॉकला लागला तोवर ऊन माथ्यावर आलं होतं. लंकाबाईने पहिल्या कॅनचं झाकण काढलं आणि लॅबमधून आलेल्या सविताने वाटी बुडवून दूध घेतलं. वास सवितालाही आला होता आणि ज्ञानेश्वरीलाही. सविताने परीक्षानळीत दूध ओतलं, उकळत्या पाण्यात धरलं. थोड्याच वेळात नळीच्या काचेला पांढरे कण चिकटले, आणि मग खाली पिवळट पाणी सुटलं. दुसऱ्या कॅनचंही तेच. तिसऱ्याचंही.

"फुटलं," सविता हळूच म्हणाली. "मला घेता नाही येणार हे, ज्ञानेश्वरी. टाकीतलं सगळंच जाईल."

तिचं चूक नव्हतं. तिने नियमाप्रमाणे दूध नाकारलं होतं. आणि मागून आबासाहेब येऊन उभे राहिले होते, त्यांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली आणि सुनीलरावांना दाखवली.

"हे बघा. मी काय म्हनत हुतो म्हैनाभर? दर्जाच न्हाई ह्या केंद्राला. आता ह्याला तरी रंग म्हनू नका." नळी सविताच्या हातात देऊन त्यांनी ज्ञानेश्वरीकडे मान वळवली. "मॅडम, नोंद करून घ्या. एकशे चौदा, नासकं दूध, परत. आन् ग्रुपावर टाका. नीट टाका, अक्षरं न येता."

सुनीलराव म्हणाले, "ग्रुपवर टाकून द्या ज्ञानेश्वरी. विषय संपवू."

लंकाबाई डॉकच्या कट्ट्यावर बसली होती. तिच्या लुगड्याचा पदर पाण्याने भिजून चिंब झाला होता. ती भांडेल, शिव्या देईल, असं ज्ञानेश्वरीला वाटत होतं. तिने द्याव्यात असंही वाटत होतं. लंकाबाई फक्त कॅनांकडे बघत होती. प्रत्येक कॅनवर चुन्याने बायांची नावं लिहिलेली होती, दोघी-तिघींची मिळून एकेक कॅन.

"काय झालं हुतं गं नेमकं?" तिने विचारलं. "सकाळपासनं कुनी सांगितलंच न्हाई मला. कशापायी आडवून ठिवलं?"

ज्ञानेश्वरी तिच्या शेजारी बसली. तिने सांगितलं. संगणकात तुमच्या केंद्राचा नंबर शोधला, त्याला तांबडा रंग लागला, तो रंग फोनवर दिसला नाही, रंगाऐवजी अक्षरं आली. सांगताना तिचं तिलाच ते इतकं क्षुद्र वाटलं, की शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं.

लंकाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्यात दुधाचं काय हुतं?"

"काहीच नव्हतं मावशी."

"आन् त्यांना ते ठावं हुतं?"

"ठाऊक होतं."

लंकाबाईने भिजलेला पदर पिळला. मग उठून एकेका कॅनचं झाकण दाबून बसवू लागली, जसं काही ते दूध अजून कुठेतरी न्यायचं होतं.

"आता गावात जाऊन बायांना काय सांगू मी?" ती म्हणाली. "त्या इचारतील ना, कुनाचं दूध वंगाळ निघालं म्हनून. आजपातुर एकमेकींच्या भरवशावर कॅन भरल्या आमी. आता एक दुसरीकडं बघंल, दुसरी तिसरीकडं. मी काय सांगू त्यांना? रंग हुता म्हनू?"

 ज्ञानेश्वरीने फोन काढला आणि ग्रुपवर लिहायला घेतलं. एकशे चौदाचं दूध सकाळी गेटावर आलं तेव्हा कुणी तपासलं नाही, उपाध्यक्षांच्या सांगण्यावरून ते दुपारपर्यंत उन्हात उभं ठेवलं, म्हणून नासलं. तपासणी मागितली होती, नाकारली. रेकॉर्डातल्या खुणा कशाच्या हे त्यांना सकाळपासून माहीत होतं. खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. एकही अक्षर वेडंवाकडं न येता निरोप गेला. सगळ्यांनी वाचला. त्यावर कुणाचा अंगठा पडला नाही. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ आली, की आबासाहेबांनी तुम्हाला ग्रुपमधून काढलं आहे.

सुनीलराव केबिनच्या दारातून तिला हाका मारत होते. "ज्ञानेश्वरी, जरा आत या. हे काय करून ठेवलंत? आत या आधी."

लंकाबाई टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती; ज्ञानेश्वरी उठली, टेम्पोचं पुढचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी चढून बसली.

"तू कुठं गं?" लंकाबाई म्हणाली. "तुजी नोकरी?"

"उंबरदऱ्याला. बायांना मी सांगते, कुणाचंच दूध वाईट नव्हतं म्हणून."

टेम्पो गेटाबाहेर पडला आणि घाटाच्या रस्त्याला लागला. मागे कॅनांमध्ये फुटलेलं दूध प्रत्येक वळणाला हिंदकळत होतं, आणि त्याचा आंबूस वास दोघींच्या मधे येऊन बसला होता. काच खाली करावी असं दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही.